सिंधूचे दुःख कुणाचे?

1919 सालच्या फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग आपल्या बडोद्यात केला. नाटककार राम गणेश गडकरी त्या वेळी हयात नव्हते. जानेवारीत त्यांचे निधन झाले होते आणि नाटकातील पदेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांना लिहून द्यावी लागली होती. गणपतराव बोडस सुधाकर झाले होते आणि बालगंधर्व सिंधू. भरजरी शालूंसाठी गाजलेला हा नट या नाटकात फाटके, ठिगळाचे लुगडे नेसून रंगमंचावर आला. पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर माणसे पदरचे पैसे खर्चून, रात्रीची झोप मोडून हे नाटक पाहत राहिली, रडत राहिली आणि पुन्हा तिकीट काढीत राहिली.

वाचकहो, यातले कोडे आपल्या लक्षात येते ना? घरात कोणी आजारी असता, शेजारी मृत्यू घडला असता आपण त्या दुःखापासून दूर होण्याची वाट पाहतो. येथे मात्र आपण दुःखाकडे चालत जातो. बरे, हे दुःख तरी कुणाचे? सिंधूचे म्हणावे, तर सिंधू नावाची बाई कधी झालीच नाही. बालगंधर्वांचे म्हणावे, तर प्रयोगानंतर रंग पुसून ते बिऱ्हाडी जात. आपले म्हणावे, तर आपला नवरा दारूडा नाही आणि आपण जात्यावर दुसऱ्याचे दळण दळीत नाही. मग डोळ्यांतून जे पाणी आले, त्याचा धनी कोण?

या प्रश्नाकडे मी पुस्तकांतून नव्हे, एका लाजिरवाण्या अनुभवातून वळलो. साधारण वीस वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील गणेशोत्सवात ‘एकच प्याला’चा संक्षिप्त प्रयोग करायचे ठरले. मराठीचा शिक्षक म्हणून संक्षेपाचे काम माझ्याकडे आले. पाच अंकांचे नाटक सव्वादोन तासांत बसवायचे होते, ऑर्गनवाला मिळत नव्हता, आणि मलाही त्या वयात वाटे की दुःखात बुडालेली बाई गाणे म्हणते हे वास्तवाला धरून नाही. मी सगळी पदे काढून टाकली आणि संहिता कशी बंदिस्त झाली आहे, म्हणून स्वतःवर खूष झालो.

प्रयोग चांगला चालला होता. सिंधू जात्याशी बसली, मंडपात शांतता पसरली, बायकांच्या रांगांतून हुंदके येऊ लागले. आणि तेवढ्यात आमच्या शेजारच्या वहिनी उठल्या. लोकांच्या पायांतून वाट काढीत त्या बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवशी मी थोड्या नाराजीनेच विचारले, “वहिनी, नाटक आवडले नाही का?” त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, मला नाटक दिसतच नव्हते.” गुजरातेत दारूबंदी आहे खरी, पण बंदी कायद्यात असते आणि बाटली कुठेही मिळते. त्यांच्या घरची कथा वस्तीत सर्वांना ठाऊक होती. मला तर भिंतीपलीकडून ऐकू येई. आणि तरी मी तो प्रश्न विचारला होता.

‘मला नाटक दिसतच नव्हते’ हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. त्याचा अर्थ लावू लागलो तेव्हा ध्यानी आले की, हजार वर्षांपूर्वी काश्मिरातील पंडित जो वाद घालीत होते, तो नेमका याच वाक्याभोवती फिरतो.

वादाचे मूळ भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. रस कसा सिद्ध होतो हे भरताने एका छोट्या सूत्रात सांगितले. भावनेची जी कारणे रंगमंचावर दाखवली जातात ते विभाव. भावनेमुळे नटाच्या देहात व वाणीत जे दिसते ते अनुभाव. आणि मुख्य भावनेच्या पाण्यावर लाटांसारख्या येणाऱ्या चिंता, दैन्य, विषाद इत्यादी चंचल वृत्ती म्हणजे व्यभिचारी भाव. या तिहींचा संयोग झाला की रस निष्पन्न होतो. येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. शोक, रती, भय हे जे मनात वस्तीला असणारे स्थायी भाव, त्यांचे नावच या सूत्रात नाही. ज्याचा रस व्हायचा तोच पदार्थ कृतीतून वगळलेला! पुढील टीकाकारांचा सगळा झगडा या मोकळ्या जागेवर चालला.

भट्ट लोल्लट म्हणाला, स्थायी भाव मूळ पात्राचा असतो, रामाचा किंवा दुष्यंताचा. तोच विभावादिकांनी पुष्ट झाला की रस, आणि नट रामाशी आपली सांगड घालतो म्हणून तो नटातही भासतो. श्रीशंकुकाला हे पटले नाही. प्रेक्षकाला नट दिसतो, राम नव्हे. नटाच्या अभिनयावरून प्रेक्षक भावनेचे अनुमान करतो, असे त्याचे मत. त्याने चित्रातील घोड्याचा फार सुंदर दाखला दिला आहे. भिंतीवर रंगवलेला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. पण ते ज्ञान खरे नसते, खोटे नसते, संशयाचे नसते, की ‘घोड्यासारखे काहीतरी’ असेही नसते. नटाला राम समजणे हे असेच पाचव्या जातीचे ज्ञान. बालगंधर्व पुरुष आहेत हे मंडपातील प्रत्येक माणसाला ठाऊक होते आणि तरीही कोणाचे काही अडले नाही. शंकुकाला याहून चांगला साक्षीदार कुठला मिळाला असता? पण शंकुकाची अडचण दुसरीकडे आहे. अनुमानाने डोळे भिजत नाहीत. समोरच्या डोंगरावर धूर पाहून तिथे अग्नी आहे असे मी अनुमान केले, म्हणून मला ऊब लागत नाही.

या दोघांचे मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांच्यानंतरच्या भट्टनायकाचाही नाही. त्यांची मते आपल्याला कळतात ती दहाव्या-अकराव्या शतकातील अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावर लिहिलेल्या ‘अभिनवभारती’ टीकेतून. आणि ही टीका छापून प्रथम जगापुढे आली ती बडोद्यातून. रामकृष्ण कवी यांनी संपादिलेला तिचा पहिला खंड 1926 साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाला. हाती आलेली हस्तलिखिते इतकी भ्रष्ट होती की, खुद्द अभिनवगुप्त स्वर्गातून उतरला तरी त्याला आपला मूळ पाठ सहज लावता यायचा नाही, अशा आशयाचे उद्गार संपादकांनी काढले आहेत. तेव्हा आपण जे वाचतो त्यात कितीतरी ठिकाणी विद्वानांनी जुळवलेले सांधे आहेत, हे विसरू नये.

कोड्याला नेमका हात घातला तो भट्टनायकाने. त्याचे म्हणणे सिंधूला लावून पाहू. समजा, सिंधूचा शोक मला ‘माझा’ म्हणून जाणवला. मग मला दुःखच होईल. मी उठून जाईन, आणि पुन्हा कधी तिकीट काढणार नाही. उलट, तो मला ‘दुसऱ्याचा’ म्हणून जाणवला, तर मी तटस्थ राहीन. रस्त्याच्या पलीकडून चाललेली अनोळखी प्रेतयात्रा पाहावी तसा. माझा म्हणावा तर नाटक संपते, परक्याचा म्हणावा तरी नाटक संपते. आणि प्रत्यक्षात तर नाटक चालू आहे! म्हणजे ही भावना माझीही नाही आणि परक्याचीही नाही, अशी तिसरी काही अवस्था असली पाहिजे. भट्टनायकाने तिला साधारणीकरण म्हटले. काव्य आणि नाट्य यांच्या अंगी अशी एक शक्ती असते की ती भावनेवरील ‘अमक्याची, अमक्या वेळची’ ही खूण पुसून टाकते. खूण पुसली की तीच भावना भोगण्याजोगी होते.

अभिनवगुप्ताने साधारणीकरण स्वीकारले. परंतु त्यासाठी काव्याला वेगळ्या शक्ती चिकटवण्याचे कारण नाही, असे तो म्हणाला. हे कार्य प्रेक्षकाच्या मनात कसे घडते ते त्याने एका हरिणावरून समजावून दिले आहे, आणि माझ्या मते सबंध रसचर्चेत याहून स्वच्छ उदाहरण नाही.

हे हरीण कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातले. दुष्यंत रथातून त्याच्या पाठीमागे लागला आहे. हरीण धावताधावता मान वळवून मागे पाहते, बाण लागेल या धास्तीने अंग आखडून घेते, दमल्याने उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चघळलेले गवत वाटेवर सांडते. अभिनवगुप्त म्हणतो, प्रथम आपल्याला शब्दांचा अर्थ कळतो: अमुक राजा, अमुक हरीण, अमुक प्रसंग. त्यानंतर मनात एक प्रत्यक्षासारखी प्रतीती उमटते, आणि तीत तो काळ, ते स्थळ, ते विशिष्ट हरीण हा भाग मागे पडतो. हरिणाचे ‘ते एक हरीण’पण गेले, म्हणून ‘भ्यालेले’ एवढेच उरते. भिववणारा राजाही वास्तवात समोर नाही; म्हणून ‘याच्यापासून भय’ हाही भाग गळतो. बाकी काय राहते? नुसते भय. कुठल्या स्थळाशी वा काळाशी न बांधलेले.

आता आपल्या रोजच्या भयाशी हे ताडून पाहा. ‘मी भ्यालो आहे’ असे वाटले की लगेच ‘पळू का?’ हा विचार येतो. ‘माझा शत्रू भ्यालेला आहे’ म्हटले की आनंद होतो, ‘माझा मुलगा भ्यालेला आहे’ म्हटले की धाव घ्यावीशी वाटते, ‘कोणी परका भ्यालेला आहे’ म्हटले की आपण पान उलटतो. प्रत्येक वेळी भयाच्या शेपटाला दुसरी वृत्ती बांधलेली असते आणि ती आपल्याला भयापासून ओढून नेते. म्हणून खऱ्या आयुष्यात आपण भय भोगतो, पण त्याच्याकडे पाहत नाही. हरिणाच्या भयाला मात्र कोणी धनी नाही; म्हणून त्याच्याबाबत करण्यासारखे काही नाही; आणि करण्यासारखे काही नाही म्हणूनच मन तेथे थांबते, त्याची चव घेते. ही चव म्हणजे भयानक रस. अशा वेळी प्रेक्षकाचा ‘मी’ पूर्ण लोपत नाही, तसा तो ठळकपणे पुढेही येत नाही, असे अभिनवगुप्त सांगतो. हे किती अचूक आहे ते कुणीही पुढल्या नाटकाला स्वतःवर पडताळून पाहावे. आपण खुर्चीत आहोत हे आपल्याला कळत असते. पण त्या कळण्याला त्या घटकेला काही काम नसते.

आता जात्याशी बसलेल्या सिंधूकडे येऊ. सुधाकर हुशार वकील. कोर्टात मानभंग होतो, सनद काही काळ जाते, आणि तळीरामाच्या संगतीने तो प्याल्याकडे वळतो. घर बुडते. भाऊ पद्माकर मदत देऊ करतो, ती सिंधू घेत नाही. नवऱ्याच्या घरी ती लोकांची दळणे दळते. रंगमंचावर आपल्याला दिसते काय? जाते, ठिगळाचे लुगडे, पाळण्यातले मूल, रिते घर. हे विभाव. नटाच्या देहात काय दिसते? आवाजातला कंप, पुसून टाकलेले आसू, खुंटा धरताना थबकलेला हात. हे अनुभाव. मध्येच चिंतेची छाया, मध्येच दैन्य, मध्येच नवऱ्याविषयी बोलताना चेहऱ्यावर उजळून गेलेली जुनी आठवण. हे व्यभिचारी. शोक हा शब्द कुठे आला का? नाही. ‘मला फार दुःख झाले आहे हो’ असे सिंधू म्हणाली असती, तर मंडपातला एकही रुमाल बाहेर निघाला नसता. शोक रंगमंचावर ठेवलेलाच नाही. तो प्रेक्षकाच्या मनातून येतो. सूत्रात स्थायी भावाचे नाव का नाही, याचा उलगडा मला येथे होतो.

प्रेक्षकाच्या मनात तो कुठून आला? अभिनवगुप्ताचे उत्तर ‘वासना’ हे आहे. आजच्या बोलीतला हलका अर्थ येथे घेऊ नये; वासना म्हणजे मागील अनुभवांचा मनावर राहिलेला सूक्ष्म ठसा. शोक कुणी जाणला नाही? लहानपणी हरवलेले खेळणे, आजीचे जाणे, परगावी निघालेल्या बहिणीची गाडी हलणे. या सर्वांनी आत एक जागा करून ठेवलेली असते. सिंधूचे जाते त्या जागेला स्पर्श करते. पण ‘आजी गेली तो दिवस’ असे काही आठवत नाही. स्मरण झाले तर ते पुन्हा माझे व्यक्तिगत दुःख होईल. ठसा जागा होतो, घटना झोपलेली राहते. आणि असे ठसे सर्वांच्याच मनात असल्याने भरलेला मंडप एकाच वेळी, एकाच जागी हुंदका देतो. एरवी एका रांगेत बसलेल्या वीस माणसांचे कुठल्या गोष्टीवर एकमत होते?

भरताने रसाला रस म्हणण्याचे कारणच हे दिले की तो चाखला जातो, आणि दाखलाही स्वयंपाकघरातला दिला. त्याच परंपरेत पुढे पानकाचा दृष्टान्त रूढ झाला. पानक म्हणजेच आपले पन्हे. उन्हाळ्यात कैरी उकडून गर काढला, गूळ घातला, वेलची, मीठ, केशराच्या दोन काड्या घातल्या. पेल्यात जी चव आली ती कैरीची नाही, गुळाची नाही, वेलचीचीही नाही. ती या सगळ्यांवाचून आली नसती आणि यांपैकी कुणाचीही नाही. शिवाय ती चव पिण्यापूर्वी कुठे नव्हती आणि पेला संपल्यावर कुठे ठेवता येत नाही. अभिनवगुप्ताच्या मते रसही तसाच: चव घेणे चालू आहे तोवरच तो असतो. म्हणून ‘रस कशात आहे, संहितेत, नटात की प्रेक्षकात?’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. पन्हे कुठे आहे, कैरीत की जिभेत, असे कोणी विचारत नाही.

परंतु प्रत्येक प्रयोगात रस होतोच असे नाही, हे अभिनवगुप्ताला पक्के ठाऊक होते. रसाच्या वाटेतील सात विघ्ने त्याने सांगितली आहेत. सातही येथे मांडत बसत नाही. आमच्या मंडपात दोन भेटली, तेवढी सांगतो.

पहिले तर अगदी माझ्या पुढच्या रांगेत बसले होते. सुधाकर रंगमंचावर येताच एक आजोबा मोठ्याने म्हणाले, “अरे, हा तर आपल्या पोष्टातला!” पुढची दहा मिनिटे ते सुधाकर न पाहता पोष्टातला माणूस पाहत होते आणि तो कसा करतो आहे हे शेजाऱ्याला सांगत होते. भावना विशिष्ट माणसाला, विशिष्ट स्थळकाळाला चिकटून राहणे हे ते विघ्न. यावर जुन्या रंगभूमीने उपाय केलेला होता. नांदी, सूत्रधार-नटीचा प्रवेश, मुकुट, वेष, रंगभूषा ही सारी नटाला झाकण्याची साधने होत. सूत्रधार आधी ‘आम्ही नट आहोत’ हे उघड सांगतो, आणि मग वेषाने ते नटपण झाकतो. ज्याची कबुली देऊन झाली तेच झाकलेले सोपे जाते. आम्ही सुधाकराला त्याच्या रोजच्या सदऱ्यात उभे केले होते. वास्तव दिसावे म्हणून!

दुसरे विघ्न म्हणजे प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने व्यापलेला असणे. ज्याला स्वतःच्या दुःखाने वेढलेले आहे, त्याचे चित्त दुसऱ्या वस्तूवर विसावणार कसे, असा अभिनवगुप्ताचा प्रश्न आहे. वहिनींची गोष्ट हीच होती. वासनेचा विचार केला तर त्या मंडपातील सर्वांत अधिकारी प्रेक्षक त्याच म्हणायला हव्यात. सिंधूचे दुःख त्यांच्याइतके कोणाला कळणार? पण ठसा जुना असावा लागतो. वहिनींच्या दुःखाचा अजून ठसा झालाच नव्हता. ते त्या रात्रीही घरी वाट पाहत बसले होते. सिंधूचा सुधाकर त्यांच्यासाठी अमुक एक माणूस होता, त्याला नाव होते, आणि दार वाजले की उठून उघडावे लागणार होते. करण्यासारखे काही नाही म्हणून मन थांबते असे वर म्हटले. त्यांना मात्र करण्यासारखे पुष्कळ होते. जी गोष्ट संस्कार म्हणून रसाचे भांडवल असते, तीच आजचे दुःख म्हणून रसाचे विघ्न होते. मी त्यांच्या उठून जाण्याला रसिकतेचा अभाव समजलो होतो. ती माझी चूक तर होतीच, पण त्याहून मोठी चूक मला पुढे सापडली.

या दुसऱ्या विघ्नावरचा उपाय अभिनवगुप्ताने सांगितला आहे तो कोणता? वाद्ये, गायन, शोभिवंत मंडप. कानाला आणि डोळ्याला सर्वांना सारखेच गोड वाटणारे काही द्यावे, म्हणजे स्वतःच्या गाठोड्यावरची माणसाची मूठ सैल होते; एरवी जो सहृदय नाही त्याचेही हृदय निर्मळ होऊन तो सहृदय होतो, असे तो म्हणतो. म्हणजे पदे! जी मी वास्तवाच्या नावाने काढून टाकली होती ती. सिंधू जात्याशी बसून गाते तेव्हा ‘बाई अशी गाते का?’ हा प्रश्न चुकीचा असतो. ती गाते त्या क्षणी ती वस्तीतली अमुक बाई राहत नाही. स्वर तिला उचलून धरतो, आणि पाहणारीच्या व तिच्या दुःखामध्ये एक हात अंतर पडते. तेवढे अंतर त्या रात्री वहिनींना हवे होते. ते मी कात्रीने कापून ठेवले होते.

हे सर्व मान्य करूनही एक शंका उरते, आणि ती गुजरातेतल्याच दोन पंडितांनी फार पूर्वी स्पष्ट बोलून दाखवली आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांचे शिष्य रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी ‘नाट्यदर्पण’ लिहिले. तोही ग्रंथ 1929 साली बडोद्याच्याच ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. अभिनवगुप्ताच्या मते सगळे रस आनंदरूप. हे दोघे म्हणतात, असे कसे? शृंगार, हास्य, वीर, अद्भुत, शांत हे सुखाचे. करुण, रौद्र, बीभत्स, भयानक हे दुःखाचेच. सीतेचे हरण पाहून ज्याला सुख होते तो सहृदय कसला? मग लोक जातात कशाला? तर कवीच्या आणि नटाच्या कौशल्याने जो चमत्कार वाटतो त्यासाठी. पन्ह्याचा दाखला तेही देतात, पण निराळ्या कामासाठी: तिखटाच्या स्पर्शाने पन्ह्याची गोडी वाढते, तसे दुःखाच्या चवीने सुख अधिक रुचते.

मला स्वतःला अभिनवगुप्ताची बाजू अधिक खोल वाटते, कारण कौशल्याचा चमत्कार टाळ्या मिळवतो, हुंदके नव्हे. तरीपण ‘नाट्यदर्पण’कारांनी एक प्रामाणिक गोष्ट सांगितली आहे: साधारण झालेले दुःखही थोडे टोचतेच. ‘एकच प्याला’ पाहून घरी परतणारी माणसे गप्प असतात, ती पन्हे पिऊन आल्यासारखी दिसत नाहीत.

मराठीत या प्रश्नाला नवे वळण दिले ते न. चिं. केळकरांनी, आणि योगायोग असा की तेही बडोद्यातच, 1921 च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून. त्यांची ‘सविकल्प समाधी’ म्हणजे स्वतःचे भान ठेवून दुसऱ्याच्या भूमिकेशी होणारे तादात्म्य: मी मीच राहतो आणि त्याच वेळी सिंधूही होतो. कल्पना मोहक आहे, वाचनाच्या अनुभवाला बरीच लागूही पडते. पण अभिनवगुप्ताहून ती वेगळी आहे, आणि अनेकदा दोन्हींची सरमिसळ होते म्हणून सांगतो. केळकरांच्या प्रेक्षकापाशी दोन ‘मी’ असतात. अभिनवगुप्ताच्या प्रेक्षकापाशी त्या घटकेपुरता एकही पुरता नसतो. वहिनींना केळकरांची समाधी फार सोपी होती. सिंधू होणे त्यांना नव्याने शिकायचे नव्हते. त्यांना कठीण होते ते सिंधू न होणे.

आठ-नऊ वर्षांनी शहरात ‘एकच प्याला’चा संगीत प्रयोग आला, ऑर्गन-तबल्यासकट, सगळी पदे जागच्या जागी. वहिनींचे यजमान त्याआधी दोन वर्षांपूर्वी वारले होते. मी भीत भीतच त्यांना तिकीट दिले. त्या आल्या, दाराजवळची, रांगेच्या टोकाची खुर्ची त्यांनी मागून घेतली. मी दोन रांगा मागे होतो आणि खरे सांगायचे तर त्या रात्री मी नाटक कमी व त्यांची पाठ अधिक पाहत होतो. विघ्नांच्या यादीत माझेही नाव घालायला हरकत नाही. जात्याचा प्रवेश आला. पद सुरू झाले. त्या हलल्या नाहीत. मध्येच त्यांनी पदर डोळ्यांना लावला, तो इतरांनी लावला तेव्हाच. शेवटचा अंक सुरू होण्यापूर्वी मात्र त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. मी त्यांच्यामागे जाण्यासाठी अर्धा उठलो, आणि तेवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेले. आमच्या वस्तीकडे जाणारी शेवटची बस सुटायला दहा मिनिटे होती.